टी-टेस्ट की मान-व्हिटनी? आणि पेपरमधलं ‘नॉर्मॅलिटी तपासली’ हे वाक्य कसं वाचायचं

वैद्यकीय पेपरच्या ‘पद्धती’ विभागात एक वाक्य हमखास भेटतं: ‘शापिरो-विल्क टेस्टने आकडेवारी नॉर्मल असल्याची खात्री करून घेतली, म्हणून टी-टेस्ट वापरली.’ मुंबईत एमडी किंवा एमएस करणारा रेसिडेंट सिनॉप्सिस लिहायला बसला की हेच वाक्य सीनियरच्या थिसिसमधून त्याच्या पानावर उतरतं. गाइड सही करतात, एथिक्स कमिटीही बहुधा अडवत नाही. पुढे जर्नल क्लबमध्ये कोणी विचारलं, ‘नॉर्मल म्हणजे नक्की काय नॉर्मल होतं?’ तर मात्र उत्तर सापडत नाही.

या लेखात एकच छोटं उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवलं आहे. दोन स्वतंत्र गट, एक संख्यात्मक मोजमाप, आणि टी-टेस्ट की मान-व्हिटनी हा प्रश्न. जोडीची मापं किंवा तीन-चार गट असले तरी विचाराची दिशा हीच राहते. त्यांच्याबद्दल पुढे थोडक्यात येईल.

उदाहरण

पावसाळ्यात परळ-सायनकडच्या मोठ्या रुग्णालयांत तापाचे वॉर्ड भरून जातात. समजा उपचारांच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे आणि मोजायचे आहेत ते रुग्णालयात राहिलेले दिवस. प्रत्येक गटात १० रुग्ण. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांची ठेवण खऱ्या मास्टर चार्टमध्ये दिसते तशीच आहे.

```
a:  3 3 4 4 4 5 5 6 7 19
b:  5 5 6 6 7 7 8 8 9 9
```

अ गटाची सरासरी ६.० दिवस, प्रमाण विचलन म्हणजे एसडी ४.७, मीडियन ४.५. ब गटाची सरासरी ७.०, एसडी १.५, मीडियन ७. अ गटातले बहुतेक रुग्ण आठवड्याच्या आत घरी गेले आणि एक रुग्ण १९ दिवस राहिला. राहण्याचे दिवस, बिलाची रक्कम, ओपीडीत थांबायचा वेळ, सीआरपी अशा मापांमध्ये असा एखादा लांब शेपटीचा रुग्ण असतोच. खाली शून्याची भिंत असते आणि वर मर्यादा नसते, त्यामुळे शेपूट एकाच बाजूला वाढते.

आता दोन्ही टेस्ट लावू. टी-टेस्ट म्हणताना वेल्चची टी-टेस्ट घ्यायची. ती दोन्ही गटांची एसडी सारखी असल्याचं गृहीत धरत नाही. इथे एक एसडी दुसरीच्या तिप्पट आहे, तेव्हा ते गृहीतक धरायची सोयच नाही.

```r
a <- c(3,3,4,4,4,5,5,6,7,19)
b <- c(5,5,6,6,7,7,8,8,9,9)
t.test(a, b)
wilcox.test(a, b)
```

`t.test` काहीही न सांगता वेल्चचीच पद्धत वापरते. तिची पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.५४. मान-व्हिटनीची (आरमध्ये ती `wilcox.test` या नावाखाली मिळते) येते सुमारे ०.०२४. तेच २० रुग्ण असून एक टेस्ट म्हणते फरकाचा पुरावा नाही, दुसरी म्हणते आहे.

नवख्या माणसाचा इथे समज होतो की दोघींपैकी एक चुकली असणार, आणि कोण चुकली हे नॉर्मॅलिटी टेस्ट सांगेल. प्रत्यक्षात चुकलेली कोणीच नाही. दोघींना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत.

पहिली पायरी: प्रश्न सरासरीचा आहे का, ते ठरवा

टी-टेस्ट सरासरीबद्दल बोलते. अ गटाचे एकूण ६० दिवस, ब गटाचे ७०. फरक माणशी एका दिवसाचा, पण १९ दिवसांच्या रुग्णामुळे अ गटाची सरासरी इतकी डळमळीत आहे की हा एक दिवस योगायोगानेही सहज पडू शकतो. ०.५४चा अर्थ तेवढाच.

मान-व्हिटनी काय करते ते हाताने करून बघण्यासारखं आहे. अ गटातला प्रत्येक रुग्ण ब गटातल्या प्रत्येक रुग्णासमोर उभा करा. १० गुणिले १०, म्हणजे १०० जोड्या झाल्या. अ गटाचा रुग्ण जास्त दिवस राहिला असेल तर १ गुण, दोघं सारखेच राहिले असतील तर अर्धा. तीन आणि चार दिवस राहिलेल्या पाच जणांना शून्य गुण. पाच दिवसवाल्या दोघांना ब गटातल्या पाच दिवसवाल्यांशी बरोबरी झाल्यामुळे प्रत्येकी १. सहा दिवसवाल्याला ३, सात दिवसवाल्याला ५. आणि १९ दिवसवाला सगळ्यांच्या वर, म्हणून त्याला १०. बेरीज २०. आर पडद्यावर `W = 20` दाखवतो तो हाच आकडा.

गटांत काही फरक नसता तर ही बेरीज ५०च्या आसपास आली असती. २० आली, म्हणजे उरलेले ८० गुण ब गटाकडे गेले. साध्या भाषेत सांगायचं तर दोन्ही गटांतून एकेक रुग्ण चिठ्ठी टाकून उचलला, तर ब गटाचा रुग्ण जास्त दिवस राहिलेला असण्याची शक्यता ०.८०, बरोबरीला अर्धा धरून.

आता प्रश्न कोणाचा आहे ते बघा. रुग्णालयाच्या अधीक्षकांना पावसाळ्यात किती खाटा लागतील ते काढायचं असेल, तर त्यांना सरासरीच हवी. रुग्णसंख्येला सरासरी दिवसांनी गुणलं की खाट-दिवस निघतात, आणि १९ दिवस अडकलेली खाट त्या हिशेबातून वगळता येत नाही. मीडियन कितीही सुबक असली तरी तिला रुग्णसंख्येने गुणून काही हाती लागत नाही. याउलट वॉर्डबाहेर उभे असलेले नातेवाईक ‘डॉक्टर, साधारण किती दिवस लागतील?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना साधारण रुग्णाबद्दल ऐकायचं असतं. तिथे मीडियन आणि मान-व्हिटनी कामाला येतात.

हा निर्णय विषय जाणणाऱ्या माणसाने घ्यायचा असतो. नॉर्मॅलिटी टेस्टला अधीक्षकही माहीत नसतात आणि नातेवाईकही.

‘मान-व्हिटनी मीडियनची तुलना करते’ हे वाक्य पुष्कळ पुस्तकांत आणि बहुतेक थिसिसमध्ये असतं. दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा असून एक गट फक्त पुढे सरकलेला असेल तेव्हाच ते खरं ठरतं. आपल्या उदाहरणात अ गटाला लांब शेपूट आहे आणि ब गटाला नाही, म्हणजे आकार सारखे नाहीत. मीडियन जरूर द्या, पण ‘मीडियनमध्ये लक्षणीय फरक आढळला’ असं लिहू नका. लिहायचा आकडा म्हणजे ते ०.८०.

दुसरी पायरी: टेस्टआधी ठिपके

प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका, गट वेगवेगळे. बार चार्ट नको. त्यात सरासरीची एक पेटी दिसते आणि १९ दिवसांचा रुग्ण गायब होतो.

ठिपके बघताना पहिला प्रश्न हा, की लांब पडलेला आकडा खरा आहे का. केस पेपर काढून दाखल झाल्याची आणि डिस्चार्जची तारीख पडताळा. मास्टर चार्टमध्ये ९ ऐवजी १९ पडणं ही अगदी रोजची चूक आहे, आणि तिचा परिणाम बघण्यासारखा आहे. समजा ते खरोखर ९ होतं. मग अ गटाची सरासरी ५.० आणि एसडी १.९ होते, आणि वेल्चची पी-व्हॅल्यू ०.५४ वरून थेट ०.०२च्या खाली उतरते. मान-व्हिटनीत त्या रुग्णाचे गुण १० ऐवजी ९ होतात, बेरीज २० ची १९ होते आणि पी-व्हॅल्यू ०.०२४ ची ०.०२० होते. क्रमावर चालणाऱ्या टेस्टला तो रुग्ण ‘सगळ्यात जास्त राहिलेल्यांपैकी’ एवढंच कळतं. किती जास्त, याच्याशी तिला कर्तव्य नाही. हे तिचं बळ आहे आणि मर्यादाही आहे.

केस पेपरवर १९ खरे निघाले तर तो रुग्ण ठेवायचा. नॉर्मॅलिटी जमत नाही म्हणून त्याला ‘आउटलायर’ ठरवून काढून टाकणं म्हणजे सगळ्यात जास्त आजारी माणूस अभ्यासातून पुसून टाकणं. असं कधीही करू नये.

तिसरी पायरी: नॉर्मॅलिटी टेस्टला काय दिसतं आणि काय दिसत नाही

आता तेच बहुचर्चित वाक्य. शापिरो आणि विल्क यांनी १९६५ मध्ये मांडलेली टेस्ट असा प्रश्न विचारते: मूळ लोकसंख्या नॉर्मल असती, तर इतका वेडावाकडा नमुना हाती येण्याची शक्यता किती? पी-व्हॅल्यू छोटी आली तर नॉर्मल असण्याविरुद्ध पुरावा मिळाला. मोठी आली तर पुरावा मिळाला नाही, इतकंच. ‘नॉर्मल असल्याची खात्री झाली’ हा अर्थ त्यातून कधीच निघत नाही. मलेरियाची एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाहीच असं कोणी डॉक्टर धरून चालत नाही. इथे मात्र सर्रास तसं धरलं जातं.

आपल्याच आकड्यांवर बघू.

अ गट, १९ सह: पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. टेस्टने शेपूट पकडली. ठीक.

ब गट: पी-व्हॅल्यू सुमारे ०.३४. पेपरच्या भाषेत ‘नॉर्मल’. पण ब गटाचे ठिपके परत बघा. ५ ते ९ या प्रत्येक दिवसाला बरोबर दोन रुग्ण आहेत. मध्ये उंचवटा नाही, कडेला उतार नाही, पाटासारखं सपाट वितरण आहे. त्यात घंटेचा आकार अजिबात नाही, तरी टेस्टने हरकत घेतली नाही. कारण १० आकड्यांत हरकत घ्यायला पुरेसा दमच नसतो. याला टेस्टची पॉवर कमी असणं म्हणतात.

अ गट, १९ च्या जागी ९: पी-व्हॅल्यू सुमारे ०.१९. हाही ‘नॉर्मल’. रुग्णालयात राहिलेले दिवस पूर्णांकात असतात, शून्याखाली जात नाहीत आणि शेपूट उजवीकडेच वाढते. हे माप नॉर्मल नाही हे एकही रुग्ण न मोजता सांगता येतं, आणि ०.१९ मुळे ते बदलत नाही.

गट मोठे झाले की उलटं होतं. प्रत्येक गटात काही शे रुग्ण असतील तर हिमोग्लोबिनसारख्या बऱ्यापैकी सममित मापातही किंचित कलंडलेपणा किंवा आकडे एका दशांशात गोल केलेले असणं एवढ्यावरून शापिरो-विल्क ‘नॉर्मल नाही’ म्हणू शकते. मात्र गट मोठा असला की वैयक्तिक आकडे थोडे तिरके असले तरी सरासरी जवळपास नॉर्मल वागते, आणि टी-टेस्टला गरज सरासरीच्या वागण्याची असते. म्हणजे छोट्या गटात, जिथे इशाऱ्याची खरी गरज असते, तिथे टेस्ट गप्प राहते. मोठ्या गटात, जिथे काळजीचं कारण कमी, तिथे ती ओरडते. निर्णय तिच्या हाती न देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. (आरच्या `shapiro.test`ला ५००० पेक्षा जास्त आकडे दिले तर ती चालतच नाही.)

आणखी एक गोष्ट. आधी नॉर्मॅलिटी टेस्ट आणि तिच्या निकालावरून पुढची टेस्ट, असं केलं की शेवटची पी-व्हॅल्यू एका टेस्टची राहत नाही. ती ‘आधी हे, मग ते’ या अख्ख्या साखळीची होते, आणि त्या साखळीतली चुकीची शक्यता छापलेल्या ०.०५ इतकीच असेल याची हमी नसते. शिवाय संशोधनाचा प्रश्नच आकडे बघून बदलतो: नमुना सरळ निघाला तर सरासरीबद्दल विचारायचं, तिरका निघाला तर क्रमाबद्दल.

चौथी पायरी: टेस्ट ठरवा आणि सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका

माप कोणतं आहे यावरून निम्मं काम होतं. वेदनेचे ० ते १० गुण किंवा ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ अशा श्रेणी क्रमाच्या असतात. तिथे नॉर्मॅलिटीची चर्चा नको, क्रमावरची टेस्ट घ्या. उंची, हिमोग्लोबिन, रक्तदाब अशी सममित मापं असतील तर वेल्चची टी-टेस्ट. राहण्याचे दिवस, खर्च, थांबायचा वेळ यांत पहिल्या पायरीतला प्रश्न विचारा. सरासरी हवी असेल आणि गट मोठे असतील तर वेल्च चालते. सोबत बूटस्ट्रॅपने, म्हणजे हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने उचलून, सरासरीच्या फरकाचा विश्वास-अंतराल दिला तर उत्तमच. पण गटात १० रुग्ण आणि त्यात एक १९ दिवसांचा असेल, तर बूटस्ट्रॅपही त्याच एका रुग्णाभोवती फिरत राहतो. अशा वेळी नमुना लहान आहे आणि सरासरीबद्दल ठामपणे बोलता येत नाही, हे सरळ लिहावं. साधारण रुग्णाबद्दल बोलायचं असेल तर मान-व्हिटनी.

एकाच रुग्णाची उपचाराआधीची आणि नंतरची मापं असतील तर प्रत्येकाचा फरक काढा आणि ठिपके त्या फरकांचे बघा. जोडीच्या टी-टेस्टला आधीचं माप नॉर्मल आहे की नाही याची पर्वा नसते. तिला फरकांशी काम असतं. तिची क्रमावरची बहीण विल्कॉक्सन साइन्ड रँक. तीन किंवा अधिक गटांसाठी वेल्चची अनोव्हा किंवा क्रुस्कल-वॉलिस.

‘नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट कमजोर असतात’ ही धास्ती बहुतांशी निराधार आहे. आकडे खरोखर नॉर्मल असले तरी मोठ्या नमुन्यात मान-व्हिटनीची कार्यक्षमता टी-टेस्टच्या सुमारे ९५ टक्के असते, म्हणजे टी-टेस्टला ९५ रुग्णांत जे दिसतं ते दिसायला हिला साधारण १०० लागतात. शेपटी लांब असेल तर ती उलट पुढे जाते.

मात्र अगदी लहान गटांत एक खड्डा आहे. प्रत्येक गटात तीनच नमुने असतील, जसे प्रयोगशाळेच्या कामात पुष्कळदा असतात, तर सहा क्रमांक दोन गटांत वाटायच्या तऱ्हा फक्त २० असतात. एका गटाचे तिन्ही आकडे दुसऱ्याच्या तिन्हींहून मोठे निघाले, म्हणजे याहून स्पष्ट निकालच शक्य नाही, तरी दुहेरी पी-व्हॅल्यू २ भागिले २०, म्हणजे ०.१० येते. तिथे मान-व्हिटनी ०.०५च्या खाली जाऊच शकत नाही. चार विरुद्ध चार असतील तर तऱ्हा ७० होतात आणि किमान पी-व्हॅल्यू सुमारे ०.०२९ येते. त्यामुळे ‘नमुना लहान आहे म्हणून नॉन-पॅरामेट्रिक’ हा नियम डोळे मिटून लावू नका.

पेपर वाचताना

नॉर्मॅलिटीचं वाक्य समोर आलं की चार गोष्टी शोधा.

तपासलं काय, हे पहिलं. दोन्ही गट एकत्र करून तपासलं असेल तर त्या तपासणीला अर्थ नाही. समजा एका गटाचं हिमोग्लोबिन ९च्या आसपास आहे आणि दुसऱ्याचं १३च्या. दोन्ही गट आपापल्या जागी अगदी नॉर्मल असले तरी एकत्र केल्यावर दोन उंचवटे दिसतात आणि टेस्ट ‘नॉर्मल नाही’ म्हणते. टी-टेस्टचं गृहीतक गटाच्या आतल्या वितरणाबद्दल आहे. एसपीएसएसमध्ये `Explore` उघडून मापाचं नाव `Dependent List`मध्ये टाकलं आणि गटाचं नाव `Factor List`मध्ये टाकायचं राहिलं, की नेमकं हेच होतं. पेपरमध्ये प्रत्येक मापाला एकच पी-व्हॅल्यू दिली असेल, किंवा ‘डेटा नॉर्मल होता’ असं सगळ्याच मापांबद्दल एका दमात म्हटलं असेल, तर ही शंका घ्यायला जागा आहे.

दुसरं, कोणती टेस्ट. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह असेल तर थांबा. ही टेस्ट मुळात सरासरी आणि एसडी बाहेरून ठाऊक असताना वापरायची. त्या दोन्ही नमुन्यातूनच काढून तिला दिल्या तर तुलना स्वतःशीच होते आणि पी-व्हॅल्यू फुगते. लिलिफोर्स यांनी १९६७ मध्ये यासाठी सुधारणा दिली. फरक किती पडतो ते आपल्या अ गटावर बघा: १९ दिवसांच्या रुग्णासह, साध्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हची पी-व्हॅल्यू ०.२०च्या वर राहते, म्हणजे ‘नॉर्मल’! लिलिफोर्सची सुधारणा लावली की ती ०.०१च्या खाली जाते. आरमध्ये ही चूक अशी दिसते:

```r
ks.test(a, "pnorm", mean(a), sd(a))
```

एसपीएसएसच्या `Tests of Normality` तक्त्यात सुधारणा आपोआप लागलेली असते, पण तिथे वेगळीच गंमत आहे. पी-व्हॅल्यू मोठी असली की तक्ता `.200*` छापतो आणि खाली टीप देतो, `This is a lower bound of the true significance`. म्हणजे खरी पी-व्हॅल्यू ०.२०० किंवा त्याहून जास्त. पेपरमध्ये वय, वजन, रक्तदाब, साखर या सगळ्यांसमोर ‘पी = ०.२००’ दिसलं तर लेखकाने तारका आणि टीप न वाचताच तक्ता उतरवला आहे.

तिसरं, गटात किती जण. १०-१२ जण असतील तर ‘नॉर्मल आढळलं’ या वाक्याचं वजन जवळजवळ शून्य धरा. ब गटाचा सपाट पाट आठवा. शेकड्यांनी असतील तर ‘नॉर्मल नाही’ या निकालावरून घाईने टी-टेस्ट नाकारू नका.

चौथं, सरासरी आणि एसडीचा तक्ता. कच्चे आकडे नसतानाही इथून बरंच कळतं. जे माप शून्याखाली जाऊ शकत नाही, त्याच्या सरासरीतून दुप्पट एसडी वजा करा. आपल्या अ गटात ६.० वजा ९.४, म्हणजे उणे ३.४ दिवस. उणे दिवस कोणी रुग्णालयात राहत नाही, तेव्हा हे माप उजवीकडे कलंडलेलं आहे हे नक्की. ‘राहण्याचे दिवस ६.० ± ४.७’ असा तक्ता आणि त्याच्याच वर ‘नॉर्मॅलिटी तपासली, टी-टेस्ट वापरली’ असं वाक्य, ही जोडी सापडली तर तक्त्यावर विश्वास ठेवा. ही खूण एकाच दिशेने चालते, एवढं ध्यानात असू द्या. वजाबाकी शून्याच्या वर राहिली म्हणून माप सममित ठरत नाही. शिवाय ज्या मापाची खरी किमान पातळी शून्यापेक्षा बरीच वर असते, जसं प्रौढांचं वजन, तिथे शून्याशी तुलना करून काही कळत नाही.

तक्त्यात शंका आली म्हणून पेपर लगेच बाद होत नाही. गट मोठे असतील आणि दावा सरासरीचाच असेल तर टी-टेस्टचा निकाल टिकू शकतो. गट लहान असतील आणि पी-व्हॅल्यू ०.०४ सारखी काठावर असेल, तर निष्कर्ष एकदोन रुग्णांवर उभा असू शकतो. अशा वेळी मीडियन, चतुर्थक किंवा ठिपक्यांचं चित्र कुठे दिलं आहे का, पुरवणी फाइलमध्ये कच्चे आकडे आहेत का, ते बघा. आकडे मिळाले तर दोन्ही टेस्ट लावायला पाच मिनिटं पुरतात.

स्वतः लिहिताना

सिनॉप्सिसमध्ये, आकडे गोळा होण्याआधी: ‘रुग्णालयात राहिलेले दिवस उजवीकडे कलंडलेले असणं अपेक्षित आहे. साधारण रुग्णाला किती दिवस लागतात हा मुख्य प्रश्न असल्याने दोन गटांची तुलना मान-व्हिटनी टेस्टने करू. खाटांच्या नियोजनासाठी सरासरीतला फरक ९५ टक्के विश्वास-अंतरालासह स्वतंत्रपणे देऊ.’

निकालात: ‘अ गटात मीडियन ४.५ दिवस, ब गटात ७ दिवस. दोन्ही गटांतून एकेक रुग्ण निवडल्यास ब गटातला रुग्ण जास्त दिवस राहिलेला असण्याची शक्यता ०.८०, बरोबरीला अर्धा धरून; मान-व्हिटनी पी = ०.०२४. सरासरी अनुक्रमे ६.० आणि ७.० दिवस; वेल्च पी = ०.५४. अ गटातला एक रुग्ण १९ दिवस दाखल होता. केस पेपरवरून तारखा पडताळल्या आणि त्याला विश्लेषणात ठेवलं.’ शेजारी ठिपक्यांचं चित्र द्या. परीक्षकाने नॉर्मॅलिटीचा आकडा मागितलाच तर शापिरो-विल्कची पी-व्हॅल्यू प्रत्येक गटासाठी वेगळी द्या, पण टेस्टची निवड तिच्यावरून केलेली नाही हे त्याच ओळीत लिहा.